रात्री दीडला आलेल्या पाहुण्याला काय सांगायचं, आणि काय नाही

हॉटेलात रात्री उशिरा पोहोचलेल्या माणसाची सकाळी तीनच गाऱ्हाणी असतात. कार्ड लागत नव्हतं, नेट चालत नव्हतं, आणि नाश्ता संपला होता. गंमत म्हणजे काउंटरवरच्या मुलाने या तिन्ही गोष्टी त्याला रात्री सांगितलेल्या असतात. पाहुण्यालाही आठवतं की काहीतरी सांगितलं होतं. काय सांगितलं, ते मात्र आठवत नाही.

अंधेरी पूर्वेला, विमानतळाजवळच्या हॉटेलांत मी बरीच वर्षं रात्रपाळी केली. आखातातून येणारी विमानं उतरली की रात्री एक ते तीनच्या दरम्यान माणसांची लाट यायची. त्यातच लांबलेल्या गाड्यांनी आलेले, सकाळच्या विमानाने मुलाला सोडायला सातारा-सांगलीहून आलेले आईवडील. त्या वेळी काय बोलायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे गप्प बसायचं, याची एक संहिताच असते. तिच्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या फजितीतून आलेलं आहे. म्हणून माझ्याच एका फजितीपासून सुरुवात करतो.

एक काका, एक शनिवार

बुकिंग शुक्रवारचं, एका रात्रीचं. काका-काकू आले तेव्हा घड्याळात एक चाळीस झाले होते, म्हणजे शनिवार सुरू होऊन पावणेदोन तास होत आले होते. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "काका, नाश्ता उद्या साडेसात ते साडेदहा, आणि चेकआउट उद्या बाराला." काका "बरं बरं" म्हणाले आणि वर गेले.

आता सांगा, रात्री एक चाळीसला "उद्या" म्हणजे कुठला दिवस? माझ्या डोक्यात अजून शुक्रवारच होता, कारण माझी पाळी शुक्रवारी रात्री सुरू झाली होती. म्हणून माझा "उद्या" शनिवार. काकांनी मात्र गाडीत बसल्या बसल्या बारा वाजलेले पाहिले होते. त्यांचा "उद्या" रविवार.

शनिवारी ते निवांत पावणेबाराला उठले. खाली आले तर नाश्त्याची भांडी कधीच उचललेली. थोडे चिडून बाहेर गेले, दोघांनी टपरीवर चहा घेतला, सव्वाबाराला परत आले आणि दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लाल. काकांची साखरेची औषधं आत, काकूंचा चष्मा आत, आणि खाली सकाळपाळीचा मुलगा सांगतोय, "सर, तुमचं चेकआउट झालंय."

एका शब्दाने नाश्ताही गेला आणि दारही बंद झालं. कार्ड बिघडलं नव्हतं, उलट अगदी चोख काम करत होतं. ते कसं, हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

कार्ड म्हणजे किल्ली नाही, चिठ्ठी आहे

बहुतेकांना वाटतं की दाराचं कुलूप आणि काउंटरवरचा संगणक तारेने किंवा वायफायने जोडलेले असतात आणि खालून बटण दाबलं की दार उघडतं. काही नव्या, महागड्या हॉटेलांत तसं असतंही. पण बहुतेक ठिकाणी कुलूप एकटंच असतं. त्याच्या पोटात पेन्सिल सेल, एक छोटं घड्याळ आणि थोडीशी स्मरणशक्ती, बस्स. खाली काय चाललंय हे त्याला कळत नाही.

मग त्याला कळवायचं कसं? कार्डाच्या हाती चिठ्ठी पाठवून. काउंटरवर कार्ड लिहिण्याचं एक छोटं यंत्र असतं. आम्ही खोली आणि निघायची वेळ भरतो, कार्ड त्याच्यावर टेकवतो आणि कार्डावर लिहिलं जातं: ही अमुक खोली, इथपासून इथपर्यंत, आणि हा पाहुणा आधीच्या पाहुण्यानंतरचा. गावाकडे कुणाच्या हाती "यांना आत घ्या" अशी चिठ्ठी देऊन पाठवतात, तसंच. कुलूप चिठ्ठी वाचतं, आपल्या घड्याळाकडे बघतं आणि ठरवतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली काकांची. चिठ्ठीत शनिवारी दुपारी बारा लिहिलेलं होतं, बारा वाजून गेले आणि चिठ्ठी रद्द. मुक्काम वाढवला तरी कार्ड खाली आणून नव्याने लिहून घ्यावं लागतं. फोनवर "एक दिवस वाढवा" म्हटल्याने बिलाचा दिवस वाढतो. कुलपाला ते कोण सांगणार?

दुसरी गोष्ट "नंतरचा पाहुणा" या खुणेची. नवा पाहुणा आपलं कार्ड पहिल्यांदा दाराला लावतो, त्या क्षणी कुलूप आधीच्या पाहुण्याचं कार्ड विसरतं. सुरक्षेसाठी हे उत्तमच आहे. तुम्ही कार्ड खिशात घालून घरी गेलात तरी कुणाचं बिघडत नाही. पण याच्यातच रात्रपाळीची सगळ्यात नेहमीची चूक दडलेली आहे. बायको खोलीत झोपलेली, नवरा गाडीतलं सामान आणायला खाली आला, कार्ड वरच राहिलं. तो म्हणतो, "अजून एक कार्ड द्या." इथे यंत्रावर "जोडकार्ड" निवडायचं असतं. पेंगुळलेला मुलगा "नवीन कार्ड" निवडतो. नवऱ्याचं कार्ड झकास चालतं आणि बायकोचं त्याच क्षणी मरतं. हे कळतं सकाळी, ती नाश्त्याहून एकटी परत येते तेव्हा. म्हणून दोन माणसं असली की न मागता दोन कार्डं आधीच, एकदम द्यावीत. मागाहून द्यायची वेळच येऊ देऊ नये.

"मोबाइलजवळ ठेवलं म्हणून बंद पडलं" हे खरं का?

पूर्वी खरं होतं. जुन्या कार्डांवर एटीएम कार्डासारखी काळी चुंबकी पट्टी असायची. पर्सच्या किंवा मोबाइलच्या कव्हरच्या लोहचुंबकाने ती पुसली जायची. आताची टेकवायची कार्डं मेट्रोच्या कार्डासारखी असतात. आत बारीक चिप आणि तारेचं वेटोळं. त्यांना खिशातल्या लोहचुंबकाची भीती नाही. मात्र बँकेची दोन कार्डं आणि मेट्रोचं कार्ड भरलेलं पाकीट तसंच कुलपाला लावलं, तर कुलपाला एकाच वेळी चारजण बोलताना ऐकू येतात आणि ते कुणाचंच ऐकत नाही. कार्ड बाहेर काढून लावावं.

रात्री अजून एक होतं. दमलेला माणूस कार्ड झपकन लावून झपकन काढतो, किंवा दिवा लागायच्या आधीच दाराची मूठ दाबतो. मग लाल. पुन्हा झपकन, पुन्हा लाल, आणि मग सामानासकट खाली. म्हणून संहितेत "कार्ड लावा" असं न म्हणता "टेकवून धरा, हिरवा दिवा लागला की मग मूठ दाबा" असं म्हणायचं. "मग" या शब्दावर जोर. हे बोलताना मी कार्ड काउंटरवर टेकवून दाखवायचो, कारण दीड वाजता डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी ऐकलेल्यापेक्षा जास्त टिकतं.

आत गेल्यावरचा अंधार हाही ठरलेला प्रकार. आपल्याकडे बहुतेक हॉटेलांत दाराशेजारी भिंतीवर खाच असते. तिच्यात कार्ड घातल्याशिवाय दिवे, पंखा, एसी काही चालत नाही. दिवसा सामान घेऊन जाणारा मुलगा हे करून देतो. रात्री दोनला तो नसतो. सवय नसलेला माणूस मोबाइलच्या उजेडात बटणं चाचपत बसतो आणि आम्हाला फोन येतो, "खोलीत लाइट नाही." आणि एक: कार्ड काढून बाहेर गेलात की थोड्याच वेळात वीज जाते, चार्जिंगला लावलेला मोबाइलही थांबतो. दुसरं कार्ड घेण्याचा हाही एक फायदा.

नेट: पान का उघडत नाही?

"वायफायला जोडलंय, पण नेट नाही." ही तक्रार निम्म्याहून अधिक वेळा बिघाडाची नसते. हॉटेलचं वायफाय सोसायटीच्या गेटसारखं असतं. गेटातून आत शिरलात, पण वॉचमनच्या वहीत नाव लिहिल्याशिवाय लिफ्टपर्यंत जाऊ देत नाहीत. ती वही म्हणजे मोबाइलवर उघडणारं नोंदणीचं पान. ते पान आलं नाही तर नाव लिहिलं जात नाही आणि तुम्ही गेटातच उभे.

पान न येण्याची कारणं थोडीच आहेत. वॉचमन तुम्हाला मधेच अडवून वही पुढे करू पाहतो. आजकालच्या जवळपास सगळ्या वेबसाइट कुलूपबंद जोडणी वापरतात आणि तिच्यात मधे कुणी हात घातला की ब्राउझर सरळ नकार देतो. त्यामुळे तुम्ही ओळखीच्या साइटवर जायचा प्रयत्न करत राहता आणि पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. उपाय सोपा आहे. पत्त्याच्या जागी neverssl.com टाइप करा. ही साइट मुद्दाम कुलूपाशिवाय ठेवलेली आहे, तिथे वॉचमनला वही पुढे करता येते. ऑफिसच्या लोकांच्या मोबाइलवर व्हीपीएन चालू असतं, म्हणजे सगळी ये-जा एका खासगी बोगद्यातून. तो बोगदा आधी बंद करावा, नोंदणी करावी आणि मग पुन्हा चालू करावा.

काही हॉटेलांत ओटीपीऐवजी खोली क्रमांक आणि आडनाव टाकायचं असतं. इथे मराठी पाहुण्यांची खास अडचण येते. आपल्याला शाळेपासून आडनाव आधी लिहायची सवय. बुकिंग करतानाही पहिल्या चौकटीत आडनाव आणि शेवटच्या चौकटीत वडिलांचं किंवा स्वतःचं नाव पडतं. मग "देशमुख" टाकून काही होत नाही, कारण संगणकाच्या मते तुमचं आडनाव "विजय" आहे. काउंटरवरच्या मुलाने नोंद बघून "आडनावाच्या जागी विजय टाका" एवढं म्हटलं की काम होतं.

नेटसाठी फोन नंबर कशाला हवा?

हा प्रश्न रास्त आहे आणि लोक चिडूनच विचारतात. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी पोलीस आधी त्याच्या दारात. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफायवर प्रत्येक वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना काढल्या. ओळखपत्राची प्रत किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी, असे मार्ग त्यातून आले. तो नंबर पुढे जाहिरातींसाठी वापरला जातो का, ही शंका वेगळी आणि तीही रास्त. नोंदणीच्या पानावर जाहिरातींच्या संमतीची खूण आधीच केलेली असते, ती काढायला काही हरकत नाही.

परदेशी सिमवर हा ओटीपी पुष्कळदा येतच नाही. दुबईहून आलेल्या माणसाला "ओटीपी येईल" म्हणून वर पाठवणं म्हणजे वीस मिनिटांनी त्याला पुन्हा खाली बोलावणं. अशांसाठी काउंटरवर छापील कूपन ठेवलेलं असतं, त्याच्यावर नाव आणि पासवर्ड. ते न मागता द्यावं.

संहितेतलं नेटचं वाक्य म्हणून माहितीचं नाही, विचारण्याचं आहे: "नेट आत्ताच लावून देऊ का?" लॉबीत सिग्नल असतो, ओटीपी येतो, अडलं तर मी समोर आहे. घरी "पोहोचलो" म्हणून कळवायची घाई असते तो हो म्हणतो, बाकीचे "सकाळी बघू" म्हणतात. त्यांना पासवर्ड सांगत बसू नये.

नाश्त्याच्या यादीत तुमचं नाव का नाही?

आता तारखेकडे परत येऊ. हॉटेलच्या संगणकाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही. रात्रपाळीचा माणूस दिवसभराचा जमाखर्च मिटवतो, खोल्यांचं भाडं बिलावर चढवतो आणि मग हाताने दिवस पुढे ढकलतो. याला नाइट ऑडिट म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते एक ते तीनच्या दरम्यान होतं. म्हणजे उशिरा येणारी माणसं नेमकी याच फटीत सापडतात.

ऑडिटच्या आधी आलात तर संगणकाच्या लेखी अजून शुक्रवारच आहे, सगळं सुरळीत. ऑडिटनंतर आलात तर शुक्रवारचं बुकिंग "आलाच नाही" या खात्यात गेलेलं असू शकतं आणि ते पुन्हा उभं करावं लागतं. त्याहून नेहमीचा घोळ म्हणजे सकाळच्या नाश्त्याची यादी. ती ऑडिट झाल्या झाल्या छापून रेस्टॉरंटला जाते. तुम्ही त्यानंतर आलात की यादीत नाव नाही. सकाळी आठला दारावरचा मुलगा सगळ्यांदेखत म्हणतो, "तुमच्यात नाश्ता नाही सर." पैसे भरलेले असतात, बुकिंगवर "सीपी", म्हणजे खोली अधिक नाश्ता, असं स्पष्ट छापलेलं असतं, आणि तरी हा अपमान. उपाय रात्रीच्या माणसाच्या हातात आहे. उशिरा आलेल्यांचे खोली क्रमांक हाताने कागदावर लिहून तो कागद रेस्टॉरंटच्या दारात ठेवायचा. मी तो मिठाच्या बरणीखाली ठेवायचो.

पाहुण्याने करायचं ते एवढंच, रात्री विचारावं, "आमच्या बुकिंगमध्ये नाश्ता आहे ना?" "ईपी" लिहिलं असेल तर फक्त खोली, नाश्त्याचे पैसे वेगळे. हे रात्री कळलेलं बरं, पोहे वाढून घेतल्यावर नको.

आणि पहाटेचं विमान असेल तर साडेसातला सुरू होणाऱ्या नाश्त्याचा उपयोग काय? पुष्कळ हॉटेलं डबा बांधून देतात: सँडविच, केळं, ज्यूसचं खोकं. पण पहाटे चारला काउंटरवर मागितलं तर स्वयंपाकघरात कुणी नसतं. रात्री आल्या आल्या सांगावं लागतं. म्हणून आम्हीच विचारायचो, "किती वाजता निघणार?"

तर मग बोलायचं कसं?

पहिला नियम गप्प बसण्याचा. पाहुणा पिशवीत आधार कार्ड शोधत असतो, सही करत असतो, तेव्हा सांगितलेलं सगळं वाया जातं. नवखी मुलं नेमकी तेव्हाच घडाघडा बोलून मोकळी होतात. सही होऊ द्यावी, पेन खाली ठेवू द्यावं, मान वर होऊ द्यावी. मग:

"काका, एवढंच ऐका आणि जाऊन झोपा. ही दोन कार्डं, एक तुमचं, एक काकूंचं. खोलीचा नंबर कार्डाच्या पाकिटात लिहिलाय, हा बघा. लिफ्टमधून बाहेर आलात की उजवीकडे. कार्ड असं टेकवून धरा, हिरवा दिवा लागला की *मग* मूठ दाबा. आत दाराजवळ खाच आहे, तिच्यात हेच कार्ड घाला, म्हणजे दिवे लागतील.

नेट आत्ताच लावून देऊ का?

आता शनिवार उजाडलाय. नाश्ता आजच, शनिवारी, साडेसात ते साडेदहा, पहिल्या मजल्यावर. खोली आज दुपारी बारापर्यंत तुमची. सकाळी किती वाजता खाली याल?

काही लागलं तर खोलीतल्या फोनवर नऊ दाबा, मीच उचलतो."

पाऊण मिनिटाचं काम. खोलीचा नंबर तोंडाने उच्चारायचा नाही, बोट ठेवून दाखवायचा, कारण मागे सोफ्यावर कोण बसलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. क्रम पावलांचा आहे: लिफ्ट, दार, दिवा, मग सकाळ. "उद्या" हा शब्द बारानंतर काउंटरवर बंद, वाराचं नाव घ्यायचं. जिम, स्पा, टेरेसवरचा बार यातलं काही नाही. ते मॅनेजरच्या यादीत असतं, दीड वाजता कुणाला हवं असतं?

"सकाळी किती वाजता खाली याल?" हा प्रश्न सहज विचारल्यासारखा वाटतो, पण सगळ्यात कामाचा तोच. "कळलं का?" असं विचारलं तर प्रत्येकजण हो म्हणतो. वेळ विचारली की उत्तरातून कळतं. काका "अकरा-साडेअकरापर्यंत येऊ" म्हणाले असते, तर मला तिथेच उमगलं असतं.

"पण हे सगळं कार्डाच्या पाकिटावर छापलेलं असतंच की"

असतं, आणि छापलेलं असावंच. पण ते बारीक अक्षरांत असतं, चष्मा बॅगेत असतो आणि लॉबीतले दिवे रात्री मंद केलेले असतात. त्यात पाकिटावर "नाश्ता ७.३० ते १०.३०" एवढंच असतं, कुठल्या दिवशी ते नसतं. मी निळ्या पेनाने पाकिटावर दोन गोष्टी ठळक लिहायला लागलो: "शनि. नाश्ता १०.३० पर्यंत" आणि "शनि. १२ ला खोली". मराठी येत नसलेल्या पाहुण्यासाठी तर हे जास्तच उपयोगी पडतं. आकड्यांकडे बोट दाखवलं की भाषा लागत नाही.

काकांचं पुढे काय झालं, तर सकाळपाळीच्या मुलाने तासाभराचं कार्ड नव्याने लिहून दिलं, औषधं आणि चष्मा हातात आला आणि स्वयंपाकघरातून दोघांसाठी गरम उपमा आला. मला दुपारी झोपेतून उठवून फोन आला. तिकडून मॅनेजरने एवढंच विचारलं, "तू रात्री त्यांना कुठला वार सांगितला होतास?"